तीन रिव्ह्यू, तीन दिशा: संपादकाने निर्णयपत्र कसे लिहावे

पहिला रिव्ह्यूअर म्हणतो छापा, दुसरा म्हणतो परत पाठवा, तिसरा म्हणतो आणखी एक तपासणी करून आणा. अशा वेळी लेखकाला बहुतेक वेळा जे पत्र जाते ते असे असते: “आपल्या पेपरवरील अभिप्राय सोबत जोडले आहेत. सर्व सूचनांची दखल घेऊन सुधारित पेपर साठ दिवसांत पाठवावा.” खाली तिन्ही रिव्ह्यू जसेच्या तसे चिकटवलेले.

या पत्रातून लेखकाला काहीच कळत नाही. पुढचे सगळे मग ठरल्यासारखे घडते. लेखक तिघांनाही राजी ठेवायला बघतो. एकाने सांगितले म्हणून प्रस्तावना वाढवतो, दुसऱ्याने सांगितले म्हणून तीच कापतो, आणि तिसऱ्याची जी मागणी पुरी करणे शक्यच नाही तिच्याबद्दल उत्तरात दोन पाने क्षमायाचना लिहितो. दुसऱ्या फेरीत पेपर फुगून येतो, मुख्य दोष तसाच राहतो, आणि ज्या रिव्ह्यूअरचा आक्षेप खरा होता तो या वेळी आणखी तीव्र भाषेत लिहितो. रिव्ह्यूअर सल्ला देतात, निर्णय संपादकाचा असतो. दोन सल्ले एकमेकांना छेद देत असतील तर कोणता धरायचा हे पत्रात लिहिणे हे संपादकाचेच काम आहे.

पुढच्या पायऱ्या एका नमुन्याच्या आधारे मांडल्या आहेत. नमुना रचलेला आहे, पण त्यातले मतभेद आरोग्यविषयक नियतकालिक चालवणाऱ्या कोणालाही ओळखीचे वाटतील.

नमुना पेपर. १२ आश्रमशाळांमधल्या किशोरवयीन मुलींना २४ आठवडे, आठवड्याला एक लोह-फॉलिक ॲसिडची गोळी दिली. सुरुवातीला ज्यांचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली होते अशा ४८० मुलींची आधीची आणि नंतरची सरासरी काढली. ती १०.४ वरून ११.३ वर गेली. पेअर्ड टी-टेस्ट लावली. शीर्षक: “साप्ताहिक लोहगोळ्यांमुळे आश्रमशाळांतील किशोरींच्या रक्तक्षयात घट.”

रिव्ह्यूअर १, सार्वजनिक आरोग्यातले डॉक्टर: विषय महत्त्वाचा, विश्लेषण योग्य, किरकोळ दुरुस्त्या करून घ्या. प्रस्तावनेत सरकारी योजनेची पार्श्वभूमी वाढवा.

रिव्ह्यूअर २, साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र जाणणारे: तुलनेचा गट नाही. हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीच निवडल्या, त्यामुळे दुसऱ्या मोजणीत सरासरी आपोआप वर येणारच. मुली शाळांमध्ये गटागटाने आहेत याकडे विश्लेषणात दुर्लक्ष झाले आहे. नाकारा.

रिव्ह्यूअर ३, पोषणतज्ज्ञ: शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे सीरम फेरिटिन मोजल्याशिवाय हा लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय आहे असे म्हणता येत नाही. ते मोजून आणा. प्रस्तावना निम्मी करा. सोबत चार संदर्भ घालण्याची सूचना, चारही एकाच संशोधन-गटाचे.

## १. रिव्ह्यू बाजूला ठेवून आधी पेपर वाचा

पेपर आला तेव्हा तुम्ही तो चाळलेला असतो, रिव्ह्यू येईपर्यंत दोन-तीन महिने उलटतात. म्हणून रिव्ह्यू उघडण्याआधी पेपर पुन्हा वाचा आणि कागदावर दोनच गोष्टी लिहा: पेपरचा मुख्य दावा काय, आणि तो कोणत्या आकड्यावर किंवा कोणत्या तक्त्यावर उभा आहे. नमुन्यात दावा आहे “गोळ्यांमुळे रक्तक्षय घटला”, आणि तो १०.४ ते ११.३ या एका फरकावर उभा आहे.

हे वाचन पद्धतीच्या भागात सगळ्यात सावकाश करा. आपल्या नमुन्यात त्या भागात एक साधे वाक्य आहे: “दोन्ही वेळा शाळेत हजर असलेल्या सर्व मुलींचे हिमोग्लोबिन मोजण्यात आले, पहिल्या मोजणीत एकूण ८१२ मुली होत्या.” तिन्ही रिव्ह्यूअरपैकी एकानेही त्याचा उल्लेख केलेला नाही. पुढचा सगळा निर्णय या वाक्यावर फिरणार आहे, कारण सगळ्या मुलींची दुसरी मोजणी लेखकाकडे आधीपासूनच आहे, फक्त वापरलेली नाही. रिव्ह्यू आधी वाचले की आपली नजर त्यांनी दाखवलेल्या जागीच जाते आणि असे वाक्य निसटते.

तपासा: रिव्ह्यू न बघता तुम्हाला पेपरचा सगळ्यात कच्चा दुवा एका वाक्यात सांगता येतो का? येत नसेल तर अजून पत्र लिहायला घेऊ नका.

## २. रिव्ह्यूअरनुसार नव्हे, मुद्द्यानुसार मांडणी करा

आता तिन्ही रिव्ह्यू घ्या आणि तोडा. एका बाजूला मुद्दा लिहा, समोर कोण काय म्हणाले ते लिहा. नमुन्यात ही यादी पाच ओळींत संपते:

- तुलनेचा गट आणि कार्यकारणाचा दावा: २ चा आक्षेप, १ गप्प, ३ गप्प.
- फक्त कमी हिमोग्लोबिनच्या मुली निवडणे: २ चा आक्षेप, बाकी गप्प.
- शाळांचे गट विश्लेषणात धरणे: १ म्हणतो आहे ते ठीक, २ म्हणतो चूक.
- फेरिटिन: ३ ची मागणी, बाकी गप्प.
- प्रस्तावनेची लांबी: १ म्हणतो वाढवा, ३ म्हणतो कमी करा.

अशी यादी केली की दिसते, तीन वेगवेगळ्या शिफारशी असल्या तरी थेट परस्परविरोधी मुद्दे दोनच आहेत: शाळांचे गट आणि प्रस्तावना. बाकी ठिकाणी एकाने पाहिले आणि दुसऱ्याने पाहिलेच नाही. गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. पोषणतज्ज्ञाने संख्याशास्त्रावर काही लिहिले नाही याचा अर्थ त्याला ते पटले असा काढू नका.

सावध: मते मोजू नका. “दोघे अनुकूल, एक प्रतिकूल” हा हिशेब इथे चालत नाही. संख्याशास्त्राची चूक एकानेच दाखवली आणि ती खरी असेल, तर दोघांच्या कौतुकाने ती पुसली जात नाही.

संपादकासाठीची गोपनीय टिप्पणी याच वेळी वाचा, पण वेगळ्या रकान्यात ठेवा. नमुन्यात रिव्ह्यूअर ३ ने तिथे लिहिले आहे की फेरिटिन नसेल तरी चालेल, मर्यादा म्हणून लिहिले तर पुरे. लेखकासाठीच्या भागात मात्र मागणी ठाम आहे. अशी तफावत नेहमी आढळते. गोपनीय मजकूर लेखकाला उद्धृत करायचा नाही, तरी तुमचे स्वतःचे मत बनवायला तो उपयोगी पडतो. उलट प्रकार जास्त त्रासाचा: लेखकाला गोड रिव्ह्यू आणि संपादकाला गुपचूप “नाकारा”. तेव्हा त्या रिव्ह्यूअरला लगेच लिहा की नकाराचे कारण लेखकासाठीच्या भागात घाला. नाहीतर तुम्ही नकार कळवता आणि सोबतचे तिन्ही रिव्ह्यू स्तुतीचे असतात, आणि लेखकाने कारण विचारले तर ते त्याला वाजवीच म्हणावे लागेल.

## ३. प्रत्येक मतभेदाची जात ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मुद्दा कोणत्या प्रकारचा आहे ते कळले की तो कसा सोडवायचा ते कळते.

तपासून ठरणारे मुद्दे. शाळांच्या गटांचा प्रश्न असा आहे. एका शाळेतल्या मुली एकाच स्वयंपाकघरात जेवतात, त्यांना गोळ्या एकच शिक्षिका देते, त्यामुळे त्यांच्यातला बदल एकमेकींसारखा असतो. ४८० मुली म्हणजे ४८० स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. किती फरक पडतो हे संपादकाला कागदावर काढता येते. गटामुळे होणारी फुगवट अशी मोजतात:

```
1 + (m - 1) × ICC
```

इथे m म्हणजे एका शाळेतल्या सरासरी मुली, नमुन्यात ४०, आणि ICC म्हणजे शाळेअंतर्गत साम्याचे माप. ते ०.०५ इतके कमी धरले तरी उत्तर २.९५ येते. ४८० ला त्याने भागले की कळते, ४८० मुलींची माहिती सुमारे १६३ स्वतंत्र मुलींइतकीच. साम्याचा खरा आकडा लेखकाच्या माहितीतूनच कळेल, पण एवढ्या हिशेबावरून रिव्ह्यूअर २ चा आक्षेप मामुली नाही हे ठरते. इथे १ आणि २ यांच्यात मधला मार्ग काढायचा नाही. २ बरोबर आहे, पत्रात तसे लिहायचे.

निवडीचा आक्षेपही याच जातीचा. कोणत्याही एका दिवशीच्या मोजणीत थोडी चढउतार असते, काही यंत्राची, काही बोटातून थेंब घेण्याच्या पद्धतीची, काही शरीराची. त्या दिवशी आकडा खाली आला म्हणून ज्या मुली यादीत आल्या त्यांच्यातल्या काहींचा आकडा पुढच्या वेळी गोळी न घेताही वर दिसतो. यालाच सरासरीकडे परतण्याचा परिणाम म्हणतात. ०.९ ग्रॅमच्या वाढीतला किती भाग असा आहे हे ४८० मुलींवरून सांगता येत नाही. पण निवड न करता सगळ्या मुलींची सरासरी पाहिली की हा दोष निघून जातो, आणि ती मोजणी लेखकाकडे आहे.

पेपरच्या आवाक्याचे मुद्दे. तुलनेचा गट आता मागे जाऊन तयार करता येणार नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच: त्या गटाशिवाय पेपर काय म्हणू शकतो? “या काळात हिमोग्लोबिन वाढले” असे म्हणू शकतो. “गोळ्यांमुळे वाढले” असे म्हणू शकत नाही, कारण ऋतू, जेवणातला बदल, जंताच्या गोळ्या यांपैकी काहीही कारण असू शकते. दावा खाली आणल्यावरही उरलेला पेपर तुमच्या नियतकालिकाला हवा आहे का, हे रिव्ह्यूअर ठरवू शकत नाहीत. ते तुम्हीच ठरवायचे.

वेगळ्याच पेपरची मागणी. फेरिटिन मोजायला रक्त हवे. तो काळ गेला, नमुने साठवलेले नाहीत. मागणी शास्त्राच्या दृष्टीने चुकीची नाही, फक्त ती वेगळ्या अभ्यासाची मागणी आहे. अशा वेळी स्वतःला विचारा: हे नसेल तर पेपरचे कोणते वाक्य खोटे ठरते? इथे उत्तर सापडते. पेपरमध्ये तीन ठिकाणी “लोहाच्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय” असे लिहिले आहे, आणि मोजले आहे फक्त हिमोग्लोबिन. ती तीन ठिकाणे बदलली की फेरिटिनची गरज संपते. अवघड मागणीचे सोप्या दुरुस्तीत रूपांतर करणे हे चांगल्या संपादकाचे खरे कसब आहे, आणि ते पेपर बारकाईने वाचल्याशिवाय जमत नाही.

आवडीनिवडीचे मुद्दे. प्रस्तावना वाढवा की कापा, तक्ता की आलेख. इथे दोघेही बरोबर असू शकतात. एक निर्णय द्या, आकड्यात द्या, आणि पुढे चला.

## ४. जे ठरवता येत नाही तेवढेच विचारा

सगळे मुद्दे स्वतः सोडवता येतातच असे नाही. शाळांचे गट महत्त्वाचे आहेत हे तुम्हाला कळले, पण फक्त १२ शाळा असताना असे गट हिशेबात धरणारे मिक्स्ड मॉडेल कितपत भरवशाचे हे तुमच्या आवाक्याबाहेर असू शकते. अशा वेळी दोन वाटा आहेत.

पहिली वाट, रिव्ह्यूअरना एकमेकांचे रिव्ह्यू, नावे काढून, दाखवा आणि नेमका प्रश्न विचारा: “रिव्ह्यूअर २ चा गटांविषयीचा आक्षेप वाचून तुमचे मत बदलते का?” बऱ्याचदा पहिला रिव्ह्यूअर दोन ओळींत कळवतो की ते माझ्या लक्षात आले नव्हते, आणि मतभेद तिथेच मिटतो. काही नियतकालिकांनी हीच रीत पक्की केली. ई-लाइफ २०१२ साली सुरू झाले ते रिव्ह्यूअर आणि संपादक आपापसांत चर्चा करून लेखकाला एकच एकत्रित पत्र पाठवतील या पद्धतीने. लहान नियतकालिकाला त्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही, दोन ईमेल पुरतात. फक्त रिव्ह्यू असे दाखवले जातील हे रिव्ह्यूअरना पाठवायच्या सूचनांमध्ये आधीपासून लिहिलेले असावे.

दुसरी वाट, बाहेरच्या एका तज्ज्ञाला विचारा. त्याला पूर्ण पेपर पाठवून “आपला अभिप्राय कळवावा” असे म्हणालात तर चौथा रिव्ह्यू येईल आणि चौथी दिशा निघेल. त्याला एकच प्रश्न द्या: “१२ गट आणि गटात सरासरी ४० मुली असताना आधी-नंतरच्या बदलाचे कोणते विश्लेषण तुम्ही पुरेसे मानाल?” उत्तराला आठवड्याची मुदत द्या.

सावध: निर्णय घेणे अवघड वाटते म्हणून नवा रिव्ह्यूअर शोधू नका. ज्ञान कमी पडत असेल तेव्हाच शोधा.

## ५. निर्णयाचा वर्ग ठरवा

आता, आणि आताच, मायनर, मेजर की नकार हे ठरवा. कसोटी एकच ठेवा: मुख्य दोष लेखकाकडे आज असलेल्या माहितीतून दुरुस्त होतो का? नमुन्यात निवडीचा दोष होतो, कारण सगळ्या मुलींची दुसरी मोजणी आहे. गटांचा दोष पुन्हा विश्लेषण करून निघतो. तुलनेचा गट नसल्याचा दोष निघत नाही, म्हणून दावा खाली येतो. तेव्हा निर्णय मेजर रिव्हिजन.

पण तुमचे नियतकालिक तुलनेच्या गटाशिवायचे आधी-नंतर अभ्यास छापतच नसेल, तर आजच नकार द्या. मेजर रिव्हिजन सांगून चार महिन्यांनी त्याच कारणासाठी नाकारणे हा लेखकावर सरळ अन्याय आहे. पहिल्या दिवशी जे कारण माहीत होते ते दुसऱ्या फेरीत नकाराचे कारण होऊ शकत नाही.

तपासा: ओपन जर्नल सिस्टिम्स वापरत असाल तर `Request Revisions` निवडल्यावर सुधारित पेपर पुन्हा रिव्ह्यूला जाणार की नाही हे तिथेच निवडावे लागते. पत्रात लिहिलेले आणि तिथे निवडलेले एकच आहे ना ते बघा. पत्रात “पुन्हा रिव्ह्यूअर २ कडे जाईल” आणि यंत्रणेत उलटे, असे झाले की पुढची फेरी अडकते.

## ६. पत्र लिहा

क्रम असा ठेवा: निर्णय पहिल्या वाक्यात, मग पेपरमध्ये काय मोलाचे आहे ते नेमकेपणाने, मग अटीच्या सुधारणा, मग मतभेदांवर तुमचा निवाडा, मग जे करायची गरज नाही ते, शेवटी पुढची प्रक्रिया. “जे करायची गरज नाही” हा भाग संपादक सर्रास गाळतात, आणि लेखकाचा सगळ्यात जास्त वेळ वाचवणारा भाग तोच असतो.

नमुन्यासाठी पत्र असे होईल:

> सप्रेम नमस्कार.
>
> आपल्या पेपरसाठी आमचा निर्णय मेजर रिव्हिजन असा आहे. १२ आश्रमशाळांमध्ये सहा महिने टिकलेली गोळीवाटप आणि दोन्ही वेळची मोजणी ही माहिती सहज मिळणारी नाही, आणि ती प्रकाशित व्हावी असे आम्हाला वाटते. मात्र सध्याचे विश्लेषण पेपरच्या शीर्षकातला दावा पेलत नाही. रिव्ह्यूअरची मते काही ठिकाणी वेगळी आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी काय करावे ते खाली लिहिले आहे. रिव्ह्यू आणि हे पत्र यांत फरक आढळल्यास हे पत्र प्रमाण मानावे.
>
> आवश्यक सुधारणा
>
> १. मुख्य निष्कर्ष फक्त ४८० मुलींवर न काढता दोन्ही वेळा मोजणी झालेल्या सर्व मुलींवर काढावा. पद्धतीच्या भागात आपण पहिल्या मोजणीत ८१२ मुली होत्या असे लिहिले आहे. त्यांपैकी दुसऱ्या वेळी किती गैरहजर होत्या आणि त्यांचे पहिले हिमोग्लोबिन काय होते तेही द्यावे. ४८० मुलींचा आकडा दुय्यम म्हणून, सरासरीकडे परतण्याचा परिणाम त्यात असू शकतो हे नमूद करून, ठेवता येईल. सर्व मुलींमध्ये बदल कमी दिसला किंवा दिसला नाही, तरी त्या कारणाने पेपर नाकारला जाणार नाही.
>
> २. शाळांचे गट विश्लेषणात धरावेत. या मुद्द्यावर रिव्ह्यूअर १ आणि २ यांची मते वेगळी आहेत. आम्ही रिव्ह्यूअर २ शी सहमत आहोत. पद्धत आपण निवडावी. प्रत्येक शाळेचा सरासरी बदल काढून १२ आकड्यांवर विश्लेषण केलेले आम्हाला चालेल, मिक्स्ड मॉडेलही चालेल. बदलासोबत ९५ टक्के विश्वासमर्यादा द्यावी.
>
> ३. तुलनेचा गट नसल्याने “मुळे” हा कार्यकारणाचा दावा शीर्षक, सारांश आणि निष्कर्ष यांतून काढावा. या काळात दिसलेला बदल असे वर्णन करावे, आणि इतर संभाव्य कारणे चर्चेत मांडावीत. नवा गट उभारण्याची अपेक्षा नाही.
>
> ४. “लोहाच्या कमतरतेमुळे झालेला रक्तक्षय” हे शब्द जिथे आहेत तिथे “रक्तक्षय” असे करावे.
>
> करण्याची गरज नाही
>
> रिव्ह्यूअर ३ ने सुचवलेली फेरिटिनची मोजणी या पेपरसाठी आवश्यक नाही. मुद्दा ४ आणि मर्यादांमध्ये एक वाक्य पुरेसे आहे. सुचवलेले चार संदर्भ आपल्याला उपयुक्त वाटल्यासच घ्यावेत. न घेतल्याने निर्णयावर परिणाम होणार नाही. प्रस्तावनेबाबत दोन विरुद्ध सूचना आहेत: ती ५०० शब्दांच्या आत ठेवावी, आणि योजनेचे वर्णन पद्धतीच्या भागात एका परिच्छेदात हलवावे.
>
> पुढे काय
>
> सुधारित पेपर रिव्ह्यूअर २ कडे मुद्दा १ आणि २ साठी जाईल. बाकी मुद्दे संपादक पाहतील. वरील चार मुद्द्यांचे उत्तर क्रमाने, बदललेल्या ओळींच्या क्रमांकासह द्यावे. रिव्ह्यूमधल्या उरलेल्या लहान सूचनांपैकी जी स्वीकारली नाही तिचे कारण एका ओळीत लिहावे. एखाद्या मुद्द्याबद्दल शंका असल्यास काम सुरू करण्याआधी कळवावे.

या पत्रातल्या काही गोष्टींकडे मुद्दाम बघा. मुद्दा २ मध्ये काय साधायचे ते ठरवून दिले आहे, कसे साधायचे ते लेखकावर सोडले आहे. संपादकाने पद्धतही लादली तर लेखक न समजलेले मॉडेल चालवतो आणि त्याचा अर्थ चुकीचा लिहितो. मुद्दा १ च्या शेवटचे वाक्य फार कामाचे आहे. ते नसेल तर लेखकाला वाटते की आकडा लहान आला म्हणजे पेपर गेला, आणि मग तो आकडा मोठा दिसेल असे काहीतरी शोधत बसतो. अर्थात हे वचन पाळणार असाल तरच लिहा.

रिव्ह्यूअर १ चे मत डावलले आहे, तेही एका वाक्यात, कमीपणा न दाखवता. “रिव्ह्यूअर १ च्या लक्षात आले नाही” असे लिहायची गरज नाही.

सावध: “शक्य झाल्यास”, “विचार करावा”, “उपयुक्त ठरेल” हे शब्द आवश्यक सुधारणांमध्ये नकोत. लेखक त्यांचा अर्थ आपल्या सोयीने लावतो, रिव्ह्यूअर आपल्या सोयीने. आवश्यक असेल तिथे “करावे”, ऐच्छिक असेल तिथे “ऐच्छिक” असेच लिहा. तसेच “या सुधारणा केल्यास पेपर स्वीकारला जाईल” असे लिहू नका. नवे विश्लेषण पाहिल्याशिवाय ते तुम्हाला माहीत नसते.

## ७. रिव्ह्यू जोडण्याआधी

रिव्ह्यू पत्राखाली जोडायचेच, कारण लेखकाला मूळ मजकूर वाचण्याचा हक्क आहे. पण आधी तीन गोष्टी पाहा. अपमानकारक किंवा वैयक्तिक वाक्य असेल तर रिव्ह्यूअरला कळवून ते काढून टाकायला सांगा. आशय मात्र परस्पर बदलू नका, कठोर आक्षेप मऊ करू नका. “नाकारावा” किंवा “स्वीकारावा” अशी शिफारस लेखकासाठीच्या मजकुरात घुसली असेल तर तीही रिव्ह्यूअरला काढायला सांगा, नाहीतर लेखक ती तुमच्या निर्णयाविरुद्ध वापरतो. आणि वर्ड फाईल जोडली असेल तर तिच्या गुणधर्मांत व ट्रॅक चेंजेसमध्ये रिव्ह्यूअरचे नाव राहिलेले नाही ना, ते बघा. गोपनीयता मोडते ती बहुतेक वेळा इथेच.

## ८. पाठवण्याआधीची तपासणी

दुसऱ्या पायरीतली यादी पुन्हा समोर घ्या. तिच्यातल्या प्रत्येक ओळीला पत्रात उत्तर आहे का? एखादा विरोध पत्रात सुटलेला नसेल तर तो लेखकाच्या गळ्यात पडणार.

मग ज्याने रिव्ह्यू वाचलेले नाहीत अशा सहकाऱ्याला फक्त पत्र द्या, रिव्ह्यू नकोत, आणि विचारा: लेखकाने आता काय काय करायचे आहे? त्याने चार कामे न अडखळता सांगितली तर पत्र जमले. “फेरिटिनचे काय करायचे?” असे त्याने विचारले, तर तो परिच्छेद पुन्हा लिहा. आवश्यक सुधारणा सात-आठच्या पुढे गेल्या असतील तर बहुधा तुम्ही निवड केलेली नाही, नुसती नक्कल केली आहे; किंवा पेपर खरोखर नाकारण्याजोगा आहे.

पत्राची प्रत तिन्ही रिव्ह्यूअरना पाठवा. ज्याचे मत डावलले त्याला कारण कळते, आणि पुढच्या फेरीत तोच मुद्दा तो पुन्हा काढत नाही.

## ९. सुधारित पेपर आल्यावर

रिव्ह्यूअर २ ला नुसता पेपर पाठवू नका. निर्णयपत्र आणि लेखकाचे उत्तर सोबत द्या आणि विचारा: मुद्दा १ आणि २ पुरे झाले का? तो आता मुलींच्या वयानुसार वेगळे तक्ते मागू लागला, तर ती नवी मागणी आहे. तिच्यामुळे नवीन चूक उघड होत असेल तरच लेखकापर्यंत जाऊ द्या. पहिल्या फेरीत दिसत असूनही कोणी न काढलेला मुद्दा केवळ पेपर आणखी चांगला व्हावा म्हणून दुसऱ्या फेरीत घालू नका.

लेखक एखाद्या मुद्द्यावर तुमच्याशी असहमत असू शकतो. समजा त्याने लिहिले की ८१२ पैकी दोन शाळांतल्या मुलींची दुसरी मोजणी वेगळ्या यंत्राने झाली, म्हणून सर्व मुलींचे विश्लेषण १० शाळांवरच केले आहे. हे पत्रातल्या सूचनेबाहेरचे आहे, पण कारण खरे आहे आणि ते पेपरमध्ये उघड लिहिले आहे. ते मान्य करा, आणि तसे रिव्ह्यूअर २ ला पेपर पाठवतानाच कळवा. यंत्र बदलल्याची गोष्ट लेखकाने फक्त उत्तरात लिहिली असेल आणि पेपरमध्ये नसेल, तर ती पद्धतीच्या भागात आल्याशिवाय पेपर पुढे जाऊ देऊ नका.